विश्लेषण : आपत्कालीन निधी किती हवा, कुठे ठेवावा?

नोकरी गेली तर पगार थांबतो, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यासाठी ‘सहा पगारांइतकी रक्कम बाजूला ठेवा’ असा ठोकताळा सांगितला जातो. प्रत्यक्षात हिशेब पगारावरून नव्हे, न टळणाऱ्या खर्चावरून करावा लागतो.

रक्कम कशी काढायची?

पुण्यातील चौघांच्या एका कुटुंबाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. कमावणारी व्यक्ती एकच, हाती येणारा पगार ८० हजार. गृहकर्जाचा हप्ता २४ हजार, किराणा, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च १६ हजार, शाळेची फी आणि बस ६ हजार, आईची औषधे ४ हजार. विम्याचा वार्षिक हप्ता ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार. एकूण ५३ हजार. उरलेल्या २७ हजारांतील एसआयपी, हॉटेल, सहली हे खर्च थांबवता येतात. सहा महिन्यांचे झाले ३ लाख १८ हजार.

यात काय विसरले जाते?

कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. नव्या पॉलिसीच्या हप्त्यासाठी सुमारे ३० हजार धरले, तर निधी साडेतीन लाखांवर जातो. पती-पत्नी दोघेही वेगवेगळ्या ठिकाणी नोकरीत असतील तर तीन-चार महिन्यांची तरतूद पुरू शकते. दोघे एकाच कंपनीत असतील, तर मात्र धोकाही एकच असतो.

पैसे कुठे ठेवायचे?

या कुटुंबाने ५० हजार बचत खात्यात ठेवावेत. दोन लाखांची एकच मुदत ठेव करण्याऐवजी ५० हजारांच्या चार ठेवी कराव्यात. गरजेला एक मोडली तर मुदतपूर्व मोडण्याचा दंड तेवढ्यावरच लागतो. उरलेला एक लाख लिक्विड फंडात ठेवता येईल. ते पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. काही योजनांत तत्काळ पैसे काढता येतात. पण दिवसाला कमाल ५० हजार किंवा गुंतवणुकीच्या ९० टक्के, यातील कमी असेल तेवढेच.

एकच बँक पुरेशी आहे का?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आता ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतचे पैसे निर्बंधांनंतर ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे. पण तीन महिने घर कशावर चालवणार? म्हणून निधी दोन बँकांत विभागावा.

खाते संयुक्त असावे आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता यावेत. कमावती व्यक्तीच अतिदक्षता विभागात असेल, तर तिच्या एकटीच्या नावावरचे पैसे घरच्यांच्या हाती वेळेत पडत नाहीत.