गीझर धुवायचा, पण हात कुठपर्यंत घालायचा?

बोअरचं पाणी असलेल्या घरात दोन-तीन वर्षांनी गीझर तापताना गुडगुडू लागतो. पाणी तापलं की त्यातले क्षार कॉइलवर थर धरतात, काही पापुद्रे सुटून टाकीच्या तळाशी साचतात. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचा हा आवाज. क्षारामुळे बिल दुप्पट येतं असं कुणी सांगितलं, तर फारसं मनावर घेऊ नका. कॉइल 2000 वॉटची असेल, तर थर असो वा नसो, ती साधारण तेवढीच वीज घेते आणि उष्णता शेवटी पाण्यातच जाते. झळ बसते ती कॉइलला. उष्णता चटकन बाहेर पडत नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि तिचं आवरण तडकतं. अशा वेळी पाण्यात करंट उतरू शकतो.

थर्मोस्टॅटही या थरामुळे फसू शकतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॉटच्या कॉइलला सुमारे 18 मिनिटं लागतात. सगळं पाणी गार असताना सुरू केलेला गीझर आठ मिनिटांतच बंद झाला आणि पाणी कोमटच निघालं, तर गाळ धुऊन भागणार नाही. आतली तपासणी हवी.

तळाचा सुटा गाळ मात्र घरी काढता येतो. आधी एमसीबी पाडा आणि प्लगही काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. गरम पाण्याचा नळ गार पाणी येईपर्यंत सोडा, मग गीझरकडे जाणारा कॉक बंद करा. भिंतीवरच्या उभ्या गीझरमध्ये गरम पाणी वरून उचललं जातं, त्यामुळे नळ उघडा ठेवूनही टाकी रिकामी होत नाही. गार पाण्याच्या जोडणीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला पाणी सोडण्याची खिट्टी असेल, तर खाली बादली धरून ती उचला. नळ उघडाच राहू द्या, म्हणजे आत हवा जाईल. टाकी रिकामी झाली की कॉक थोडा वेळ उघडून पुन्हा निचरा करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खिट्टी अडकली असेल तर जोर लावू नका. अडकलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बदलायलाच हवा.

शेवटी खिट्टी मिटवून टाकी भरा. नळातून हवेचे फुसकारे थांबून सलग धार आली, की मगच वीज जोडा. कोरड्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते.

खालचं झाकण उघडणं, कॉइल बाहेर काढणं, वायरी सोडवणं हे मेकॅनिकचं काम. काही जण वेळ वाचवायला संडास धुण्याचं ॲसिड टाकीत ओततात; ते टाकीचं अस्तर आणि कॉइलचं तांबं दोन्ही खाऊ शकतं. कॉइल बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात भिजवायला सांगा. मॅग्नेशियमची कांडी झिजून बारीक झाली असेल तर तीही बदलून घ्या, नाहीतर गंज थेट टाकीला लागतो. झाकणाचं रबरी गॅस्केट नवं बसवायला लावा आणि वीज जोडण्याआधी, टाकी भरलेली असताना, तिथून थेंब गळत नाही ना, हे मेकॅनिक जाण्यापूर्वीच पाहून घ्या.