कोपऱ्यातलं घर कुणाच्या वाट्याचं?

मागच्या वेळी बऱ्याच जणींनी विचारलं, की बैठकीत सगळ्या जमेपर्यंत आपण पाटीवर काय काढत बसतो? त्या कोड्याचं नाव शिकाकू. ते जपानचं आहे आणि नावाचा अर्थ चौकोन. आम्हाला मात्र ते शेताच्या वाटणीसारखं वाटतं.

पाटी-खडू घ्या. चार आडव्या ओळी, प्रत्येकीत चार घरं काढा. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या घरात 6 आणि चौथ्या घरात 2 लिहा. चौथ्या ओळीत दुसऱ्या घरात 4 आणि चौथ्या घरातही 4. आता जाळीचे चौकोनी किंवा लांबट चौकोनी तुकडे पाडायचे. एका तुकड्यात एकच आकडा आणि त्या आकड्याइतकीच घरं. एकही घर उरता कामा नये. आधी बेरीज करा: 6, 2, 4, 4 मिळून 16. घरंही 16, म्हणजे आकडे लिहिताना चूक झालेली नाही.

बहुतेक जणी आधी 2 घेतात, सोपा वाटतो म्हणून, आणि खालचं घर जोडून मोकळ्या होतात. इथंच फसगत होते. वरचा उजवा कोपरा बघा. तिथं कोण पोहोचू शकतं? 6 तिथवर ताणला, तर त्याच्या तुकड्यात 2 येतो. खालचा 4 सरळ वर नेला, तरी वाटेत 2 आडवा येतो. म्हणजे तो कोपरा 2 चाच, आणि 2 वरच जाणार.

आता 6. सहा घरांची सरळ पट्टी चारच्या जाळीत मावतच नाही, म्हणून तुकडा दोन बाय तीनचाच. तो आडवा की उभा? वरच्या ओळीतलं पहिलं घर बघा, मग तिसरं बघा. खालचे 4 तिथं पोहोचत नाहीत, 2 ची घरं संपली. दोन्ही घरं 6 नेच घ्यायची, म्हणून तो आडवा: वरच्या दोन ओळी, पहिली तीन घरं.

खाली आठ घरं राहिली. डावीकडच्या 4 ची आडवी पट्टी केली, तर दुसरा 4 त्यात सापडतो. दोन बाय दोनचा तुकडा उजवीकडे सरकवला, तर डाव्या कडेची दोन घरं पोरकी होतात. तेव्हा डावा चौकोन एकाचा, उजवा दुसऱ्याचा.

हे कोडं पहिल्यांदा तयार करताना आम्ही उजवा 4 तिसऱ्या ओळीच्या शेवटी लिहिला होता. अर्ध्या जणींनी खाली दोन चौकोन पाडले, अर्ध्या जणींनी दोन आडव्या पट्ट्या, आणि दोन्ही नियमात बसत होतं! वाद बराच रंगला. चूक सोडवणाऱ्यांची नव्हती, आमची होती. चांगल्या शिकाकूला उत्तर एकच असतं. म्हणून नवं कोडं काढलंत, तर ते आधी शेजारणीकडून सोडवून घ्या, आणि तिचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं, तर एखादा आकडा एक घर सरकवून बघा.