कावीळ, सातवा महिना आणि नळाचं पाणी

१९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर तेव्हा गावोगाव हिंडून आजाऱ्यांची मोजदाद करत होते. त्यांच्या पाहणीत २०८ गरोदर बायका होत्या. त्यांतल्या ३६ जणींना कावीळ झाली आणि ३६ पैकी आठ जणींचं यकृत पार निकामी झालं. त्याच गावांत त्याच वयाच्या, पण गरोदर नसलेल्या ७१ बायकांनाही कावीळ झाली होती. त्यांच्यापैकी एकीचंही यकृत निकामी झालं नाही.

या साथीमागचा विषाणू पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला जाऊ लागला. एरवी हा आजार फारसा छळत नाही. थोडा ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, मग डोळे पिवळे, आणि काही आठवड्यांत माणूस आपोआप बरा. म्हणूनच ‘कावीळ काय, उतरेल’ असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. गरोदर बाईच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतते. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या बायकांपैकी शंभरात वीस-पंचवीस जणी दगावल्याच्या नोंदी आहेत.

असं का होतं, याचं पुरतं उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. पोटातलं बाळ निम्मं वडिलांचं असतं. आईच्या शरीरानं ते परकं मानू नये म्हणून गरोदरपणात तिची प्रतिकारशक्ती आपली रीत बदलते, आणि संप्रेरकांची पातळी दिवस भरत जातील तशी वाढत जाते. या बदलांचा फायदा विषाणूला मिळत असावा, असा अंदाज आहे. गरोदर रुग्णांच्या रक्तात तो जास्त प्रमाणात सापडला आहे आणि वारेतही वाढताना दिसला आहे. पण इजिप्तमध्ये हा संसर्ग सर्रास असूनही गरोदर बायकांचे असे मृत्यू फारसे दिसत नाहीत. तिथल्या विषाणूचा पोटप्रकार वेगळा आहे आणि तिथे लहानपणीच बहुतेकांना तो होऊन जातो. आपल्याकडे मात्र तो गाठतो ऐन पंधरा ते चाळिशीत, म्हणजे नेमक्या बाळंतपणांच्या वयात.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी आली. महिनाभर सगळं ठीक, मग दोन दिवस कणकण आणि उलट्या. आई म्हणाली, पित्त झालं असेल. लघवी गडद पिवळी होत होती. ‘पाणी कमी पितेस’, असा त्याचा अर्थ लावला गेला. चौथ्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या, त्यांनी तिला दारात उजेडाला उभं केलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

इथून पुढचे दोन-तीन दिवस निर्णायक असतात. तालुक्याच्या लॅबमध्ये बिलिरुबिन ९ आलं. घरातले सगळे त्या नऊच्या आकड्याला धरून बसले. डॉक्टरांचं लक्ष मात्र दुसऱ्याच तपासणीकडे होतं, आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृत तयार करतं. ते थकलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि हा आकडा चढतो. निरोगी माणसात तो साधारण १ असतो. आपल्या या मुलीचा १.८ आला. पिवळेपणा किती, यापेक्षा यकृत काम करतंय का, हे आयएनआर अधिक खरेपणानं सांगतो. तो दीडच्या पुढे गेला आणि सोबत रुग्ण गुंगीत गेला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर यकृत हरत चाललं आहे असं समजायचं. मग तालुक्याला थांबण्यात अर्थ नसतो. अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी दोन्ही असलेल्या रुग्णालयात हलवावं लागतं, कारण बाळंतपणात रक्त थांबलं नाही तर रक्त आणि प्लाझ्मा तत्काळ हाताशी हवा.

कोणती कावीळ, हे आयजीएम नावाच्या रक्ततपासणीनं कळतं. गरोदरपणात यकृत बिघडवणारे दुसरेही आजार असतात, काहींत लगेच बाळंतपण करावं लागतं, म्हणून हा निवाडा गरजेचा. हिपॅटायटिस ई मध्ये मात्र ‘डॉक्टर, पोट मोकळं करून टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह सहसा मानला जात नाही. तेवढ्यानं आईचं यकृत सुधारतं असं दिसलेलं नाही. एरवी काही रुग्णांना दिलं जाणारं रिबाविरिन हे औषध बाळाला घातक असल्यानं गरोदर बाईला देत नाहीत. म्हणजे उरते ती देखरेख: साखर घसरू न देणं, रक्तस्राव सांभाळणं, यकृताला वेळ देणं. बाळालाही आईकडून संसर्ग होऊ शकतो, म्हणून जन्मानंतर त्याचीही तपासणी हवी.

आपल्याकडे हा वेळ जातो तो कावीळ उतरवून घेण्यात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि ‘कावीळ निघाली’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. ज्याला कावीळ नाही त्याच्याही हाताला हेच करून पाहा, पाणी तितकंच पिवळं होईल. इतर कोणी यात शंभर रुपये घालवले तर मी वाद घालणार नाही, तो बहुधा तसाही बरा होणार असतो. गरोदर बाईचे इथे दोन दिवस जातात. अनोळखी मुळ्यांचे काढे तर तिच्या यकृतावर नवा भार टाकतात.

हा विषाणू येतो विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून पाणी घेण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाणी गढूळ दिसताच तुरटी आणि क्लोरीन वाढवलं होतं. त्यामुळे विषमज्वर, हगवण वाढली नाही, कावीळ मात्र पसरली. नेहमीच्या क्लोरीननं जिवाणू मरतात म्हणून हा विषाणूही मेलाच, असं धरून चालता येत नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीतही हिपॅटायटिस ई ची साथ येऊन गेली आहे.

तुरटी गाळ खाली बसवते, फडकं कचरा अडवतं, मेणबत्तीचा फिल्टर जिवाणू रोखतो. विषाणू या तिन्हींतून पार होतो. घरात सगळ्यात भरवशाचं म्हणजे पाणी खळखळून उकळणं. बुडबुडे जोरात फुटू लागल्यावर किमान मिनिटभर उकळू द्यावं, त्याच भांड्यात झाकून ठेवावं आणि ओगराळ्यानं काढावं. बर्फाचा गोळा, रस्त्यावरचा उसाचा रस, पाणीपुरी आणि कच्ची कोशिंबीर बाळंतपणापर्यंत बंद. जारचं पाणी थंड असतं एवढंच, ते कुठून भरलं हे विचारावं.

संसर्गापासून लक्षणांपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, साधारण पाच-सहा. म्हणजे वरच्या प्रसंगातल्या मुलीला तो बहुधा माहेरी आल्यावर लगेच किंवा निघण्याच्या सुमारास झाला. म्हणून पाहायचं ते दोन्ही गावचं पाणी. ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं की नाही, पाइपलाइन कुठे फुटून गटाराशेजारून जाते का, हे जलसुरक्षकाला विचारता येतं. गल्लीत एकाला कावीळ झाल्याचं कळलं, तर त्याच दिवसापासून पाणी उकळायचं. रुग्णाचं ताट वेगळं ठेवण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग, कारण ही कावीळ माणसापासून माणसाला सहजी लागत नाही, सगळे पितात त्या एकाच पाण्यातून येते. लस चीनमध्ये २०११ पासून आहे. दक्षिण सुदानमधल्या साथीत २०२२ मध्ये ती गरोदर बायकांनाही दिली गेली. आपल्याकडच्या गरोदर बाईला मात्र अजून चुलीवरच्या पातेल्यावरच अवलंबून राहावं लागतं.