पाकीट एक, पाणी एक लिटर

ओआरएसचं मोठं पाकीट पेलाभर पाण्यात थोडंथोडं कालवू नका. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. घट्ट पाण्याने जुलाब वाढतात, रक्तातलं मीठही चढू शकतं. हात धुवा, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजा, अख्खं पाकीट विरघळवा. छोट्या पाकिटाला २०० मिली लागतं, म्हणून छापलेलं वाचाच. २४ तासांनी उरलेलं ओता.

दीड वर्षाच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, सहा तास लघवी नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पाजता येईल तितकं पाजत राहा.