तुळईखालील उंची आणि हवानलिकेचा मार्ग

‘खोलीची उंची किती?’ हा प्रश्न वरकरणी सरळ वाटतो. परंतु ‘उंची’ ह्या शब्दाला दोन टोके असतात आणि बोलणारा त्यांपैकी बहुधा एकही सांगत नाही. गवंडी फरशीपासून मोजतो, संरचना-अभियंता स्लॅबच्या कच्च्या पृष्ठभागापासून मोजतो, आणि संगणकावरील इमारत-प्रतिमान तर हवानलिकेची उंची पुष्कळदा नलिकेच्या मध्यरेषेपासून दाखविते. तिघेही खरे बोलतात, तरी तिघांचे आकडे भिन्न असतात. भाषेच्या अभ्यासकाला हा संदर्भबिंदूचा प्रश्न परिचित आहे. प्रस्तुत लेखात तो एका छेदचित्राच्या आधारे तपासावयाचा आहे.

प्रथम वऱ्हाडातील नलिका मोठी का होते, ते पाहू. अमरावती-अकोल्याकडील उन्हाळा कडक परंतु कोरडा असल्यामुळे येथे बाष्पीभवनाने हवा थंड करणे परवडते. आपला वाळ्याचा कूलर ह्याच तत्त्वावर चालतो. बाहेरचे तापमान ४२ अंश, ओल्या तापमापकाचे २३ अंश आणि ओल्या जाळीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर आत येणारी हवा सुमारे २७ अंशांची असते. खोली ३१ अंशांवर ठेवावयाची म्हटली, तरी ह्या हवेला उष्णता शोषण्यास केवळ चार अंशांची सवड मिळते. शीतयंत्राची हवा १३ अंशांवर सोडून खोली २४ अंशांवर ठेवली, तर ती सवड अकरा अंशांची असते. म्हणजे तेवढीच उष्णता वाहून नेण्यास बाष्पीभवनाच्या पद्धतीत अडीच पटींहून अधिक हवा लागते, आणि नलिकेचा छेद त्याच प्रमाणात वाढतो. शीतयंत्रासाठी केलेला आराखडा कूलरला तसाच लावला, तर चूक येथूनच सुरू होते.

आता एक व्याख्यानगृह कल्पू. लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर, उंची ३.६ मीटर. तासाला वीस वेळा हवा बदलावयाची तर ६९१२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १.९२ घनमीटर हवा लागेल. नलिकेतील वेग सेकंदाला ६ मीटर ठेवला, तर ०.३२ चौरस मीटर छेद हवा. तो ८०० × ४०० मिलिमीटरच्या नलिकेत मिळतो. एका स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ४००० मिलिमीटर, स्लॅबची जाडी १५०, आणि खोलीच्या रुंदीवर दर चार मीटरांनी एक तुळई, स्लॅबसह ७०० मिलिमीटर खोलीची. ह्या तुळया व्हरांड्याच्या बाजूला ९०० मिलिमीटर खोलीच्या मुख्य तुळईवर टेकतात.

नवखा आरेखक ४००० मधून ७०० व ४०० वजा करतो आणि २९०० मिलिमीटर उंची उरली म्हणून समाधान मानतो. प्रत्यक्ष हिशेब असा आहे. फरशी व तिच्याखालील थर ७५ मिलिमीटर घेतात, म्हणून फरशीपासून तुळईचा तळ ३२२५ वर येतो. त्यातून तुळईचा गिलावा १५, बांधकामातील चढउतारासाठी मोकळी जागा ५०, नलिकेच्या जोडपट्टीचा वरचा उठाव ३५, नलिका ४००, खालचे वेष्टन व आधाराचा अँगल मिळून ६५, आणि खोट्या छताची चौकट व दिवे ह्यांसाठी १२० मिलिमीटर जातात.

```
3225 - (15 + 50 + 35 + 400 + 65 + 120) = 2540
```

२९०० चे २५४० झाले! प्रतिमानाने हे आपण होऊन सांगितले नाही, कारण नलिकेचा लिहिलेला आकार आतील मापाचा असतो. आय.एफ.सी. ह्या विनिमय-पद्धतीत नलिका `IfcDuctSegment` असते, तर तिचे वेष्टन `IfcCovering` ही निराळी वस्तू असते. टक्कर-तपासणीत फक्त नलिका व `IfcBeam` घेतल्या, तर वेष्टन तुळईत रुतलेले असूनही अहवाल निर्दोष येतो. नलिका तुळईला नुसती टेकली असली तरीही टक्कर नोंदली जात नाही, म्हणून तपासणीत ५० मिलिमीटरचे अंतर मुद्दाम मागावे लागते. आणि २९०० हा आकडा तळाऐवजी मध्यरेषेच्या रकान्यात पडला, तर नलिका २०० मिलिमीटर खाली उतरते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार वातानुकूलित खोलीत फरशीपासून नलिकेच्या किंवा खोट्या छताच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत किमान २.४ मीटर अंतर लागते. येथे संहितेने दोन्ही टोके सांगितली आहेत, हे लक्षणीय आहे. २५४० ह्या कसोटीस उतरतात. परंतु मुख्य तुळईखाली आणखी २०० मिलिमीटर वजा होऊन २३४० उरतात, आणि तेथे आराखडा नापास होतो.

नलिका चपटी करणे हा पहिला उपाय सुचतो. ११०० × ३०० मिलिमीटरच्या नलिकेने शंभर मिलिमीटर वाचतात व उंची २४४० होते. मात्र पत्रा सुमारे सतरा टक्के अधिक लागतो आणि घर्षण दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. कागदावर हे चालेल. तथापि वऱ्हाडात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: छताचा पंखा. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो आणि पंख्याशिवाय गत्यंतर नसते. पात्यांच्या वर सुमारे ३०० मिलिमीटर जागा हवी. २५४० च्या छताखाली पाती २२४० वर येतील. उंच विद्यार्थ्याने हात वर केला तर तो पात्यांना लागेल. संहितेची कसोटी उतरलेले छत येथे धोक्याचे ठरते, आणि कोणताही टक्कर-अहवाल हे दाखवीत नाही.

म्हणून नलिकेचा आकार बदलण्याआधी तिचा मार्ग बदलावा. मुख्य नलिका व्हरांड्यातून न्यावी. तेथील आडव्या तुळया ४५० मिलिमीटरच्या असल्या, तर खोट्या छतासह २७९० मिलिमीटर उंची मिळते. व्याख्यानगृहात तुळयांमुळे तीन गाळे पडतात. प्रत्येक गाळ्यात ५२० × २५० मिलिमीटरची एक शाखा सोडावी. सेकंदाला ०.६४ घनमीटर हवा तीतून पाच मीटरांहून किंचित कमी वेगाने जाते. शाखा मुख्य तुळईखालून जाताना तिच्या आधाराचा तळ २६१० वर राहतो. पुढे पंचेचाळीस अंशांच्या दोन वळणांनी ती गाळ्यात वर चढते आणि ७०० च्या तुळईला समांतर धावते. तेथे तिचा तळ ३३६० वर, म्हणजे तुळईच्या तळाहूनही वर असतो. खोट्या छताची गरज उरत नाही आणि गाळ्याच्या मध्यावर पंखा मोकळा फिरतो. किंमत आहे ती वळणांतील दाबहानीची. तिचा हिशेब पंखा-यंत्र निवडतानाच करावा. आत आलेली एवढी हवा बाहेर जावयास समोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, हेही विसरू नये.

तुळईला भोक पाडून नलिका नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. असे भोक ओतकामापूर्वी संरचना-अभियंत्याने ठरविले असेल तरच, आणि टेकूजवळचा भाग टाळूनच, घ्यावे. ओतलेल्या तुळईस ते नंतर पाडण्याचा विचार करू नये.

प्रतिमान तपासताना मी तीनच ठिकाणी उभा छेद घेतो: सर्वांत खोल तुळईखाली, नलिका वळते तेथे, आणि दाराच्या डोक्यावर. प्रत्येक छेदावर आकड्याशेजारी ‘तयार फरशीपासून आधाराच्या तळापर्यंत’ हे शब्द लिहून घेतो. जागेवर स्लॅब ओतल्यावर त्याच तीन ठिकाणी फीत लावून तुळईचा तळ पुन्हा मोजावा. फरशी अद्याप बसलेली नसल्यामुळे त्या मापातून ७५ मिलिमीटर वजा करावे, आणि मगच पत्रा कापावयास द्यावा.