‘त्रुटी दूर केल्या आहेत’ एवढ्याने भागत नाही

अन्न व औषध प्रशासनाची सुधारणा नोटीस हातात पडली की बहुतेक छोट्या हॉटेलांतून एका पानाचं उत्तर जातं. ‘आपल्या पत्रात नमूद केलेल्या सर्व त्रुटी आम्ही दूर केल्या आहेत, तरी कृपया सहकार्य करावे.’ खाली सही, शिक्का, तारीख. मालकाने खरोखरच दोन दिवस भटारखाना घासून काढलेला असतो, पैसे खर्च केलेले असतात; पण त्यातलं काहीच त्या पानावर दिसत नाही. अधिकाऱ्याला नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे काहीतरी लिहायचं असतं आणि या पत्रावरून त्याला काहीही लिहिता येत नाही. मग फेरतपासणी अशा नजरेने होते की इथे काही झालेलंच नाही.

ही नोटीस अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खाली येते. तपासणी अन्न सुरक्षा अधिकारी करतात, नोटीस त्यांच्या वरचा, कायद्याने नेमलेला अधिकारी काढतो. काय चुकलं, ते कोणत्या नियमाविरुद्ध आहे, काय सुधारायचं आणि किती दिवसांत, हे सगळं तिच्यात असावं लागतं. सुधारणेची मुदत १४ दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो आणि त्यानंतरही काही केलं नाही तर म्हणणं मांडायची संधी देऊन तो रद्दही होऊ शकतो. नोटीसच चुकीची वाटत असेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. त्यासाठी १५ दिवस किंवा नोटिशीत दिलेली मुदत, यांतलं जे आधी संपेल तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे १४ दिवसांची नोटीस असेल तर अपिलालाही १४ दिवसच. ‘आधी उत्तर देऊन बघू, नंतर अपिलाचं बघू’ म्हणणाऱ्यांचा हा हक्क अनेकदा न कळत निघून जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ बारा टेबलांचं हॉटेल आहे. दुपारी थाळी, रात्री पंजाबी भाज्या आणि चिकन. नोटिशीत पाच मुद्दे आहेत: फ्रिजचं तापमान ११ अंश आढळलं, शिजवलेली ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात, झाकण न लावता, कच्च्या चिकनच्या खालच्या कप्प्यात होती, कामगारांचे वैद्यकीय दाखले नव्हते, पाण्याचा तपासणी अहवाल नव्हता, आणि भांडी घासण्याच्या मोरीजवळची फरशी फुटून तिथे पाणी साचत होतं.

पहिला आणि दुसरा मुद्दा कागदावर वेगळे दिसतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. सगळं उत्तर याच ठिकाणी उभं राहतं किंवा पडतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मालक बहुधा लिहील, ‘फ्रिज दुरुस्त करून घेतला, चिकन खाली ठेवले.’ दोन्ही खरं आहे. पण फ्रिज ११ अंशांवर का गेला? मेकॅनिक दाराचं रबर बदलेल, मागची जाळी साफ करेल आणि चार दिवस फ्रिज बरा चालेल. मग पुन्हा दुपारी तीन वाजता आचारी वीस लिटर कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही उकळत्या गॅसवरून उतरवून थेट आत ढकलेल. एवढा गरम ऐवज घरगुती बनावटीच्या फ्रिजला पेलत नाही. आतली हवा तापते, शेजारचं दही, पनीर आणि चिकनही तापतं. पातेल्याच्या मधोमध असलेली ग्रेव्ही तर रात्रभर कोमट राहते. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा टप्पा. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि पदार्थ सावकाश निवत गेला की त्यांना उगवायला निवांत वेळ मिळतो. भातात सापडणारा बॅसिलस सेरेअस असाच. त्याचं उलटी करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. म्हणूनच ‘आम्ही वाढताना पुन्हा उकळतोच की’ हे स्पष्टीकरण उत्तरात कधीही लिहू नये. ते वाचून अधिकाऱ्याला एवढंच कळतं की मुद्दा समजलेला नाही.

तेव्हा उत्तरात तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: त्या दिवशी सापडलेल्या मालाचं काय केलं, असं का घडलं, आणि पुन्हा घडू नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदललं. बहुतेक उत्तरांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते आणि तिसरीच्या जागी ‘यापुढे काळजी घेऊ’ असतं. आपल्या हॉटेलचा मजकूर साधारण असा होईल:

‘मुद्दा १ व २. तपासणीच्या दिवशी फ्रिजमधील ग्रेव्ही, पनीर व चिकन त्याच दिवशी नष्ट केले. वजनाची नोंद व फोटो सोबत जोडले आहेत. कारण: दुपारी केलेली ग्रेव्ही निववण्याची ठरलेली पद्धत नव्हती, ती गरम असतानाच एकाच खोल पातेल्यात फ्रिजमध्ये ठेवली जात होती. तसेच दाराचे रबर फाटले होते. केलेली सुधारणा: रबर बदलले, पावती जोडली आहे. ग्रेव्ही आता चार पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये, सुमारे ५ सेंटिमीटर थराने ओतून, बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत निववली जाते. ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढील दोन तासांच्या आत तापमान उतरते का, याची नोंद मुख्य आचारी ठेवतात. कच्च्या मांसासाठी स्वतंत्र फ्रिज घेतला आहे. पहिल्या आठ दिवसांच्या नोंदवहीची प्रत जोडली आहे.’

यातली तापमानं मनाने घातलेली नाहीत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची उपाहारगृहांसाठी तपासणीची जी यादी आहे, तिच्यात हीच मर्यादा आहे. अधिकारी तीच यादी हातात घेऊन येतो. उत्तर त्याच मापात दिलं की त्याला ते पडताळता येतं.

नोंदवहीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात रोज, प्रत्येक वेळी ‘४ अंश’ लिहिलेलं असेल तर ती वही गल्ल्यावर बसून भरलेली आहे हे कुणालाही कळतं. खरी नोंद वेडीवाकडी असते. दुपारी ३.४० ला ६० अंश, ४.५० ला २०, ६.३० ला ५. एखाद्या दिवशी वीज गेली, बर्फ कमी पडला आणि दोन तासांनी तापमान २८ च राहिलं; त्यापुढे ‘ग्रेव्ही टाकून दिली’ असं लिहिलेलं आणि सही. ही ओळ लपवायची नसते. वही वापरात आहे, याचा तिच्याइतका दुसरा पुरावा नाही. शिवाय खोटी माहिती किंवा खोटा कागद देणं हा याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. साध्या सुधारणा नोटिशीचं प्रकरण त्याने विनाकारण चिघळतं.

नोंद करायला पदार्थात खुपसायचा थर्मामीटर लागतो. फ्रिजच्या दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, पातेल्याच्या पोटातला नव्हे. थर्मामीटर बरोबर दाखवतो का, हे बघायची सोपी रीत आहे: पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून, ढवळून त्यात सुई धरायची. शून्याच्या आसपास आला तर ठीक. आठवड्यातून एकदा हे करून वहीत लिहावं.

दाखले आणि पाणी हे मुद्दे त्यामानाने सरळ आहेत. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हे अपेक्षित असतं. भांडी घासणारा आणि वाढपीही त्यात आले. छोट्या हॉटेलात माणसं सतत बदलतात, म्हणून आज असलेल्या सात जणांचे दाखले जोडून थांबू नये. नवा माणूस दाखल्याशिवाय भटारखान्यात उभा राहणार नाही आणि हे कोण बघणार, ते उत्तरात लिहावं. पाण्याचा नमुना मात्र प्रत्यक्ष स्वयंपाकाच्या नळाचा हवा. नगरपालिकेचं पाणी चांगलं असलं तरी गच्चीवरची टाकी अस्वच्छ असेल तर त्याचा उपयोग नाही. टाकी धुतल्याची तारीख अहवालासोबत द्यावी.

उरली फरशी. इथे अनेक मालक नको ते आश्वासन देऊन बसतात. मोरीचा उतार चुकलेला असेल तर फरशी उखडून, निचरा दुरुस्त करून, नवीन बसवायला भटारखाना काही दिवस बंद ठेवावा लागतो. जागा भाड्याची असेल तर घरमालकाची परवानगी लागते. १४ दिवसांत हे होणार नसेल तर तसं स्पष्ट लिहावं, मात्र मुदत संपण्याच्या आत. गवंड्याचं अंदाजपत्रक, घरमालकाला दिलेलं पत्र, काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख जोडून मुदतवाढ मागावी. तोवर भांडी कुठे घासणार, साचलेलं पाणी दिवसातून किती वेळा काढणार, तेही लिहावं. मुदतवाढ मिळेलच असं नाही. पण ‘काम पूर्ण झाले’ असं लिहून फेरतपासणीच्या दिवशी तिथे पाणी दिसलं, तर बाकीच्या चार मुद्द्यांवरचा विश्वासही त्यासोबत जातो.

एखादा मुद्दा खरंच चुकीचा नोंदला गेला असेल तर? तेही शांतपणे लिहावं. समजा, पेस्ट कंट्रोलची नोंद नाही असं म्हटलंय आणि पावती त्या दिवशी मालकाच्या घरी होती. मग ‘तपासणीवेळी कागद जागेवर नव्हता, प्रत सोबत जोडली आहे, यापुढे फाइल भटारखान्याशेजारी राहील’ एवढं पुरे.

या उत्तराची एक मर्यादाही माहीत हवी. तपासणीच्या वेळी तेलाचा किंवा पनीरचा नमुना घेतला असेल तर त्याचा प्रवास वेगळा आहे. तो अन्न विश्लेषकाकडे जातो. अहवाल विरोधात आला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यावर स्वतंत्र अपील करावं लागतं. सुधारणेचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी ते त्या अहवालाचं उत्तर होत नाही.

उत्तर कार्यालयात प्रत्यक्ष द्यावं आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यावा. मुद्द्यांना नोटिशीतलेच क्रमांक ठेवावेत, जोडपत्रांवरही तेच घालावेत, आणि वर परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक असावा. दुसरी प्रत भटारखान्यात राहू द्यावी आणि आचाऱ्याला ती वाचून दाखवावी. फेरतपासणीला येणारा अधिकारी बहुतेक वेळा मालकाला विचारतच नाही. तो थेट आचाऱ्याकडे जाऊन विचारतो, ‘दुपारची ग्रेव्ही कशी निववता, दाखवा.’