500 रुपयांचा स्टॅम्प : कशाला लागतो, कशाला नाही?

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात बदल केला. 100-200 रुपयांच्या स्टॅम्पवर होणाऱ्या अनेक कागदांना किमान 500 रुपये मुद्रांक शुल्क ठरले. त्यानंतर 'आता प्रत्येक दाखल्याला 500 चा स्टॅम्प' असे मेसेज फिरू लागले. ते खरे नाही.

जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व यांच्या दाखल्यांसाठी आणि शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 च्या अधिसूचनेनेच मुद्रांक शुल्क माफ आहे. दर वाढल्यावरही ती माफी कायम राहिल्याचे शासनाने स्पष्ट केले.

समजा, शेवगाव तालुक्यातल्या विद्यार्थिनीला प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. तिच्या वडिलांचे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. सेतू केंद्राची ठरलेली फी वेगळी. ती द्यावी लागते आणि तिची पावती मागून घ्यावी. त्याच घरात बहिणीने वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र भावाच्या नावे केले, तर मात्र 500 रुपये शुल्क लागते. खासगी करारांना आणि बँकेच्या कामातील प्रतिज्ञापत्रांनाही ही माफी नाही.

मेसेज आला तर त्यात अधिसूचनेची तारीख व क्रमांक आहे का, ते आधी पाहा. नसेल तर पुढे पाठवू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in संकेतस्थळावर किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात खात्री करा. कोणी स्टॅम्प मागितलाच, तर कोणत्या नियमाने, हे शांतपणे विचारा.